पाऊस थांबला तरी टीव्हीवर ‘No Signal’: तक्रार नोंदवण्याआधी काय काय तपासाल

जोराचा पाऊस पडत असताना डिशचं चित्र जातं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खरा गोंधळ पुढे होतो. पाऊस थांबतो, आकाश मोकळं होतं आणि तरीही पडद्यावर तोच संदेश राहतो. मग कस्टमर केअरला फोन, माणूस येईपर्यंत वाट पाहणं, आणि आल्यावर त्याने दोन मिनिटांत एक कनेक्टर बदलून जाणं. असा बिघाड मी स्वतः शोधला आहे, नातेवाइकांकडेही शोधून दिला आहे. त्यामुळे कोणत्या क्रमाने तपासलं की कमी त्रास होतो ते इथे लिहितो. मुख्य भर डिशवर आहे, कारण पावसाचा फटका तिथे जास्त बसतो. केबलवाल्यांसाठी वेगळा टप्पा पुढे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ओल्या गच्चीवर, पत्र्यावर किंवा शिडीवर चढू नका, आणि विजा चमकत असतील तर डिशला आणि तिच्या वायरला हात लावू नका. सुरुवातीचे सगळे टप्पे घरात बसून करायचे आहेत.

हाताशी काय ठेवायचं

बॉक्सचा रिमोट, टीव्हीचा रिमोट, कोरडं सुती फडकं, टॉर्च, आणि फोटो काढायला मोबाइल. बाहेरचा कनेक्टर बदलायची वेळ आली तरच कटर, डिशच्या वायरच्या टोकाला बसणारा नवा एफ-कनेक्टर आणि स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप लागेल. तक्रारीसाठी ग्राहक क्रमांक किंवा बॉक्समधल्या कार्डचा क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइल नंबर लागतो. हे आताच कागदावर लिहून ठेवा. पडदा काळा असताना हे क्रमांक शोधणं फार कंटाळवाणं असतं.

१. ‘No Signal’ नक्की कोण म्हणतंय?

हा संदेश दोन ठिकाणांहून येऊ शकतो, आणि दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे.

टीव्हीला बॉक्सकडून काहीच मिळालं नाही, तर टीव्ही स्वतः ‘No Signal’ दाखवतो. हा संदेश बहुधा साधा असतो, पडद्यावर इकडून तिकडे सरकत राहतो, आणि थोड्या वेळाने टीव्ही आपोआप बंद होतो. अशा वेळी डिश पूर्णपणे ठीक असू शकते. पावसात वीज गेली आणि आली की बॉक्स बंदच राहतो, किंवा टीव्ही दुसऱ्या एचडीएमआय पोर्टवर जातो. क्वचित बॉक्सचा ॲडॅप्टर जळतो.

बॉक्सला डिशकडून काही मिळालं नाही, तर संदेश बॉक्स दाखवतो. त्यात कंपनीची रंगसंगती असते आणि अनेकदा एक एरर कोडही असतो.

ओळखायची सोपी रीत म्हणजे बॉक्सच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबणं. मेनू पडद्यावर आला, तर बॉक्स, एचडीएमआय वायर आणि टीव्ही हे तिन्ही ठीक आहेत आणि शोध बाहेरच्या बाजूला करायचा. मेनू आला नाही, तर बॉक्सवरचा दिवा लागलाय का पाहा, टीव्हीचा सोर्स बदलून पाहा, एचडीएमआय वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. बॉक्सचा दिवाच लागत नसेल, तर ॲडॅप्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहा. तरीही लागला नाही तर पुढचं काही तपासू नका. ‘बॉक्स चालू होत नाही’ अशी तक्रार करा, ‘सिग्नल नाही’ अशी नको. चुकीची तक्रार नोंदली की येणारा माणूस चुकीचं सामान घेऊन येतो.

चॅनेलचं पॅकेज संपल्याचा किंवा रिचार्जचा संदेश वेगळा असतो. संदेश पूर्ण वाचा, मगच पुढे जा.

२. किती वेळ थांबायचं?

डिशकडे येणाऱ्या लहरींची वारंवारता साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. रिमझिम पावसाने फारसं बिघडत नाही. धो-धो सर आणि काळेभोर ढग आले की चित्रात चौकोन दिसू लागतात, मग चित्र थिजतं आणि शेवटी जातं.

हा परिणाम पावसाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो. सर ओसरली की काही मिनिटांत चित्र परत यायला हवं. लहरी तिरक्या खाली येतात, त्यामुळे तुमच्या डोक्यावरचा पाऊस थांबला तरी डिशचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे काही किलोमीटरवर तो चालू असू शकतो. तेव्हा त्या दिशेच्या आकाशाकडे बघा. तिकडेही उघडलं असेल, डिशवरचं पाणी ओघळून गेलं असेल आणि अर्ध्या-पाऊण तासानंतरही चित्र नसेल, तर दोष पावसावर ढकलता येत नाही. पावसाने मागे काहीतरी ठेवलं आहे: कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, वाऱ्याने हललेली डिश, किंवा एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या तोंडावर अडकलेलं काही.

या काळात बॉक्स एकदाच भिंतीवरच्या स्विचवरून बंद करा, मिनिटभर थांबा आणि चालू करा. तेवढं पुरे. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून काही साधत नाही.

३. शेजारी विचारा आणि चॅनेल बदलून पाहा

शेजाऱ्याकडे त्याच कंपनीची डिश असेल आणि त्याचंही चित्र गेलं असेल, तर तुमच्या गच्चीवर शोधण्यासारखं काही नाही. कंपनी ज्या केंद्रातून उपग्रहाकडे सिग्नल पाठवते तिथे जोराचा पाऊस असेल, तर तुमच्याकडे ऊन असतानाही चित्र अडखळू शकतं. शेजाऱ्याची कंपनी वेगळी असेल, तर त्याच्या चित्रावरून काही ठरवू नका. तिचा उपग्रह आणि दिशा वेगळी असू शकते.

मग एकामागून एक आठ-दहा चॅनेल लावा आणि कुठले येतात, कुठले नाहीत ते लिहा. ही यादी पुढे फार उपयोगी पडते. ‘काहीच येत नाही’ आणि ‘निम्मे येत नाहीत’ यांची कारणं वेगळी असतात.

४. मेनूमधले दोन आकडे वाचा

मेनूमध्ये सेटिंग्ज किंवा सिस्टिम या भागात सिग्नलची माहिती असते. तिथे दोन पट्ट्या दिसतात: Signal Strength आणि Signal Quality. घरबसल्या मिळणारी सर्वांत खात्रीची माहिती हीच आहे.

Strength म्हणजे वायरमधून बॉक्सपर्यंत एकूण किती ऊर्जा पोहोचते. त्यात कामाचा सिग्नल असतो आणि एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही असतो. Quality म्हणजे त्यातून बॉक्सला तुमच्या उपग्रहाचा सिग्नल किती नीट वाचता येतो. म्हणूनच डिश चुकीच्या दिशेला वळलेली असली तरी Strength बऱ्यापैकी दिसते आणि Quality शून्य असते. अनेक जण फक्त पहिली पट्टी पाहून सिग्नल चांगला असल्याचं सांगतात आणि फोनवरचा माणूस गोंधळतो.

आता अर्थ लावू.

दोन्ही शून्य किंवा शून्याजवळ असतील, तर एलएनबीला वीज मिळत नाही किंवा वायर कुठेतरी तुटली आहे. डिशजवळच्या एलएनबीला वीज बॉक्सच पाठवतो, त्याच एका वायरमधून. कनेक्टरमध्ये पाणी शिरून आतली तार आणि बाहेरची जाळी जोडली गेली, तर शॉर्ट होतो. काही बॉक्स तेव्हा LNB Short असा संदेश देतात.

Strength चांगली आणि Quality सगळ्या चॅनेलवर शून्य असेल, तर वायर शाबूत आहे, पण डिश हललेली आहे किंवा समोर काही आडवं आलं आहे. पावसाळी वाऱ्याने हे होतं. पावसाळ्यात वाढलेली फांदी हेही एक कारण आहे. कोरड्या पानांतून जेमतेम निसटणारा सिग्नल ओल्या पानांत अडतो.

Strength ठीक, Quality काही चॅनेलवर ठीक आणि काहींवर शून्य असेल, तर संशय कनेक्टरवर घ्या. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात सांगतो.

हे आकडे प्रत्येक बॉक्समध्ये वेगळ्या मापाने दिसतात. त्यामुळे दुसऱ्याच्या ७० शी तुमच्या ५५ ची तुलना करू नका. तुमच्याच घरी, निरभ्र दिवशी, चित्र उत्तम असताना पडद्याचा एक फोटो काढून ठेवा. पुढच्या पावसात तुलना त्याच्याशी करायची.

५. निम्मेच चॅनेल गेले असतील तर

याच बिघाडात लोक सर्वांत जास्त भरकटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उपग्रहावरचे चॅनेल दोन गटांत येतात. एका गटाच्या लहरी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. कुठला गट हवा हे बॉक्स एलएनबीला व्होल्टेज बदलून सांगतो: साधारण १३ व्होल्ट पाठवले तर उभा गट, १८ पाठवले तर आडवा. बहुतेक घरगुती एलएनबी याच रीतीने चालतात.

कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांब्यावर हिरवट थर बसला, की त्या सांध्याचा विरोध वाढतो. बॉक्सने पाठवलेले १८ व्होल्ट वर पोहोचेपर्यंत १४ होतात. एलएनबी त्याचा अर्थ १३ असाच घेतो आणि उभ्या गटावरच राहतो. उभ्या गटाचे चॅनेल छान दिसतात, आडव्याचे गायब होतात. बॉक्स, रिचार्ज, डिशची दिशा सगळं बरोबर असतं, तरी निम्मा टीव्ही बंद.

आमच्या मावशीकडे नेमकं हेच झालं. रात्रभर पाऊस, सकाळी ऊन, आणि बातम्यांचे बरेच चॅनेल नाहीत. सिनेमाचे मात्र सगळे चालू. ‘पॅकेज कापलंय’ असं घरात सगळ्यांचं मत झालं होतं. दिसत असलेल्या चॅनेलवर Strength आणि Quality दोन्ही नेहमीसारखी होती. गेलेल्या चॅनेलवर Strength तशीच आणि Quality शून्य. डिश हलली असती तर दोन्ही गट गेले असते, म्हणून डिशला हात लावला नाही. दुपारी उन्हाने गच्ची तापली तेव्हा गेलेले चॅनेल आपोआप आले, आणि संध्याकाळच्या सरीनंतर परत गेले. कनेक्टरमध्ये ओल असल्याचा हा सर्वांत पक्का पुरावा: ऊन लागलं की येतं, भिजलं की जातं. गच्ची सपाट आणि कठड्याची होती, डिश हाताला येत होती. वाळल्यावर वर गेलो, एलएनबीखालचा कनेक्टर उघडला, तर आतून पाण्याचा थेंब निघाला आणि मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवा थर होता.

ओलीचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. वायरमध्ये पाणी मुरलं, की वरच्या वारंवारतेचे चॅनेल आधी जातात आणि खालचे टिकून राहतात. म्हणून गेलेल्या चॅनेलची यादी चढत्या क्रमात नसली तरी ती यादृच्छिक समजू नका.

६. कनेक्टर कसा तपासायचा

सुरुवात घरातल्या टोकापासून. बॉक्स रिमोटने बंद करू नका. रिमोटने बंद केल्यावरही बरेच बॉक्स वायरमध्ये वीज सोडत राहतात. भिंतीवरचा स्विच बंद करा, मग बॉक्समागचा कनेक्टर हाताने फिरवून काढा. चालू वायर उघडताना तार आणि जाळी चिकटली, तर बॉक्सचा वीजपुरवठ्याचा भाग खराब होऊ शकतो.

आत टॉर्च टाकून तीन गोष्टी पाहा. मधली तार तांबूस आणि चकचकीत आहे का. ती कनेक्टरच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर पुढे आलेली आहे का. जाळीचा एखादा बारीक केस तिला शिवत नाही ना. पाणी दिसलं तर फडक्याने टिपा. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर थंड किंवा अगदी कोमट हवेवर, नाहीतर आतला पांढरा फोम मऊ होतो. घरातल्या टोकाला पाणी सापडलं, तर ते वायरच्या आतून खाली उतरलेलं आहे, म्हणजे वरचं टोक बऱ्याच काळापासून गळत असणार.

वरचं टोक तुम्ही उघडायचं की नाही, हे डिश कुठे आहे त्यावर ठरतं. कठड्याच्या सपाट, कोरड्या जागेत, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून हात पोहोचत असेल तर उघडा. खिडकीबाहेर वाकावं लागत असेल, पत्र्यावर चढावं लागत असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल, तर ते काम तंत्रज्ञाचं. इथे हट्ट नको.

उघडलात आणि तार हिरवी निघाली, तर नुसती खरवडून परत बसवू नका. आठवडाभराने तोच त्रास होतो. वायर इतकी कापा की आतली जाळी काळपट न दिसता चमकदार दिसेल. कधी बोटभर पुरतं, कधी वीतभर कापावी लागते. कापण्याआधी वायरला तेवढी ढील आहे ना ते बघा. मग बाहेरचं आवरण सोला, जाळी मागे दुमडा, फोम काढून तार मोकळी करा आणि हाताने फिरवून बसणारा नवा कनेक्टर चढवा. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी टेकला पाहिजे.

पाणी पुन्हा शिरू नये म्हणून कनेक्टर आणि वायर स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा. सुरुवात खालून करून वर जा, म्हणजे कौलांसारखा प्रत्येक वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. साधी काळी इलेक्ट्रिकल टेप उन्हाने सुटते आणि आत पाणी कोंडून ठेवते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांब्याला खातं. शेवटी वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या. पाणी त्या झोक्याच्या तळाशी येऊन टपकतं, भोकातून घरात येत नाही.

७. केबल कनेक्शन असेल तर

इथे पावसाचे थेंब आडवे येत नाहीत, कारण सिग्नल वायरने येतो. फक्त काही ठरावीक चॅनेल भर पावसात गेले आणि सर ओसरल्यावर आले, तर ते बहुधा केबलवाल्याच्या स्वतःच्या डिशमुळे. तुम्ही काही करू नका.

सगळं बंद असेल, तर आधी इमारतीत विचारा. रस्त्यावरच्या किंवा इमारतीतल्या ॲम्प्लिफायरला वीज लागते. तुमच्याकडे वीज असली आणि तो ज्या लाइनवर आहे ती गेलेली असली, तरी आख्ख्या गल्लीचं केबल बंद पडतं. ती वीज येण्याची वाट बघावी लागते.

फक्त तुमच्याच घरी बंद असेल, तर एका वायरचा सिग्नल अनेक वायरींत वाटणारा स्प्लिटर बघा. तो व्हरांड्यात, जिन्यात किंवा खिडकीपाशी उघडा लटकत असेल तर त्यात पाणी जातं. बॉक्सची वायर स्प्लिटरमधून काढून, शक्य असेल तर आत येणारी मुख्य वायर थेट बॉक्सला लावा. चित्र आलं तर स्प्लिटर खराब. नाही आलं तर दोष त्याच्या पलीकडे, केबलवाल्याच्या बाजूला. खांबावरच्या डब्याला किंवा तिथल्या वायरीला कधीही हात लावू नका.

८. या गोष्टी करू नका

डिश हाताने हलवून ‘जरा जुळवून’ पाहू नका. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर आहे, आणि ६० सेंटिमीटरच्या डिशला जेमतेम तीन अंशांची खिडकी मिळते. बिघाड कनेक्टरचा असताना डिश हलवली, तर एकाचे दोन बिघाड होतात.

फॅक्टरी रीसेट तर अजिबात नको. रीसेटनंतर बॉक्स चॅनेल नव्याने शोधतो, आणि सिग्नलच नसेल तर त्याला काहीच सापडत नाही. जे चॅनेल दिसत होते तेही जातात. फोनवरून कुणी रीसेट करायला सांगितलं, तर आधी Quality किती आहे ते सांगा आणि रीसेटची गरज आहे का ते विचारा.

९. फोन करताना काय सांगायचं

इतकं केल्यावर तक्रार एका वाक्यात मांडता येते. उदाहरणार्थ: ‘काल रात्रीच्या पावसानंतर सिग्नल नाही, आता आकाश स्वच्छ आहे, Strength नेहमीसारखी आहे, Quality सगळ्या चॅनेलवर शून्य आहे, शेजारी याच कंपनीचं चालू आहे.’ ऐकणाऱ्याला लगेच कळतं की डिश जुळवायला माणूस पाठवावा लागेल. दोन्ही आकडे शून्य असतील, तर वायर, कनेक्टर आणि एलएनबी तपासायचं सामान आणायला सांगा. निम्मे चॅनेल गेले असतील तर गेलेल्या तीन-चार चॅनेलचे क्रमांक द्या.

पडद्यावरचा एरर कोड जसाच्या तसा वाचून दाखवा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तंत्रज्ञ आल्यावर त्याला वरच्या टोकाचा कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. पुष्कळदा घरातलं टोक बदललं की चित्र तात्पुरतं येतं आणि काम संपलं असं समजलं जातं. वरचं टोक ओलं राहिलं असेल, तर पुढच्या सरीला परत फोन करावा लागेल. जाण्याआधी त्याच्यासमोर दोन्ही गटांतले चॅनेल लावून बघा आणि पट्ट्यांचा नवा फोटो काढून ठेवा.